फ्रीलान्सरचं करवर्ष: एका एप्रिलपासून पुढच्या जुलैपर्यंत काय, कधी करायचं

नोकरीत दर महिन्याच्या पगारातून कर कापला जातो आणि वर्ष संपल्यावर फॉर्म 16 हातात पडतो. स्वतःचं काम सुरू केलं की हे करणारं कुणी उरत नाही. भारतातला ग्राहक टीडीएस कापतो, पण तो पूर्ण कराइतका असेलच असं नाही. परदेशातला ग्राहक तर आपल्याकडचा टीडीएस कापतच नाही. राहिलेला कर आपणच हिशेब करून, वर्ष चालू असतानाच भरायचा असतो. हाच आगाऊ कर किंवा ॲडव्हान्स टॅक्स. नव्याने काम सुरू केलेले अनेक जण हे नाव पहिल्यांदा ऐकतात ते जुलैत विवरणपत्र भरायला बसल्यावर, आणि तोपर्यंत चारही हप्त्यांच्या तारखा उलटून गेलेल्या असतात.

म्हणून इथे मुख्य भर या हप्त्यांवर आहे. विवरणपत्र आणि नोंदी यांचंही पाहू, पण त्याच धाग्याने. उदाहरण आर्थिक वर्ष 2025-26 चं आणि नव्या करप्रणालीचं घेतलं आहे. 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा 2025 आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण हप्त्यांच्या तारखा आणि टक्केवारी तीच आहे. खाली दिलेले कलमांचे क्रमांक जुन्या कायद्यातले आहेत, कारण सध्या लोकांच्या तोंडी तेच आहेत.

आधी ठरवा: हप्ता एक की चार?

सगळं कॅलेंडर या एका प्रश्नावर अवलंबून आहे. कलम 44एडीएखाली काही ठरावीक पेशांना सोपा मार्ग दिलेला आहे. एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, खर्चाची सविस्तर वही ठेवायची गरज नाही, आणि आगाऊ कर एकाच हप्त्यात, 15 मार्चपर्यंत. जमा 50 लाखांपर्यंत असेल तर हा मार्ग खुला आहे. रोखीतली जमा 5 टक्क्यांच्या आत असेल तर मर्यादा 75 लाख होते.

पण हा मार्ग सगळ्यांसाठी नाही. वकिली, वैद्यकीय, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखापाल, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट आणि सरकारने अधिसूचित केलेले काही पेशे (त्यात माहिती तंत्रज्ञान आणि चित्रपट कलाकार येतात) एवढ्यांनाच तो लागू आहे. सॉफ्टवेअरचं काम करणारा यात बसतो. जाहिरातींचा मजकूर लिहिणारा किंवा भाषांतर करणारा या यादीत थेट दिसत नाही. ग्राहकाने 194जेखाली ‘व्यावसायिक सेवा’ म्हणून टीडीएस कापला म्हणजे आपण आपोआप 44एडीएमध्ये बसलो, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. 194जेची यादी वेगळी आहे. त्यात जाहिरात क्षेत्र आहे, 44एडीएच्या मूळ यादीत ते नाही. तुमचं काम काठावरचं असेल तर हा एक प्रश्न सीएला पहिल्याच वर्षी विचारून घ्या. नंतर पाच वर्षांची विवरणपत्रं दुरुस्त करण्यापेक्षा एका भेटीचे पैसे स्वस्त पडतात.

44एडीएमध्ये बसणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. निम्म्यापेक्षा कमी उत्पन्न दाखवायचं असेल आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर वह्या ठेवाव्या लागतात आणि लेखापरीक्षणही करून घ्यावं लागतं. म्हणजे खर्च खरोखर निम्म्याहून जास्त असेल तर हा सोपा मार्ग तितका सोपा राहत नाही.

पुढचं उदाहरण मुद्दाम चार हप्ते भरणाऱ्याचं घेतो आहे. चार हप्ते जमले की एक हप्ता सहज जमतो.

एप्रिल: एक तक्ता

वर्षाची सुरुवात कुठल्याही सॉफ्टवेअरने करायची गरज नाही. एक साधा तक्ता पुरतो, फक्त तो पहिल्या बिलापासून भरला पाहिजे. रकाने असे: बिल क्रमांक, बिलाची तारीख, ग्राहक, बिलाची रक्कम, कापलेला टीडीएस, बँकेत आलेली रक्कम, आल्याची तारीख. परदेशी ग्राहक असेल तर परकीय चलनातली रक्कम आणि बँकेने दिलेल्या जमा-पत्राचा क्रमांक, असे आणखी दोन.

‘बिलाची रक्कम’ आणि ‘बँकेत आलेली रक्कम’ हे दोन वेगळे रकाने का, ते पाहा. तुम्ही 50,000 रुपयांचं बिल दिलं. ग्राहकाने 10 टक्के, म्हणजे 5,000 टीडीएस कापून 45,000 पाठवले. तुमचं उत्पन्न 50,000 आहे. कापलेले 5,000 हा तुमच्या नावावर आधीच भरलेला कर आहे. बँकेचं स्टेटमेंट बघून जमा मांडणारे इथेच चुकतात: 45,000 उत्पन्न धरतात आणि शिवाय 5,000 टीडीएसही मागतात. विभागाकडे 50,000 ची नोंद असते आणि ताळमेळ लागत नाही.

खर्चाची बाजूही त्याच फाइलमध्ये, दुसऱ्या पानावर. तारीख, कोणाला, कशासाठी, किती, कसे दिले. एका दिवसात एका व्यक्तीला 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर तो खर्च धरता येत नाही, म्हणून मोठी खरेदी बँकेतूनच करा. लॅपटॉप घेतला तर त्याची सगळी किंमत त्या वर्षाच्या खर्चात जात नाही. संगणकावर 40 टक्के घसारा मिळतो, आणि त्या वर्षात तो 180 दिवसांपेक्षा कमी वापरला असेल तर त्याच्या निम्मा. म्हणजे नोव्हेंबरमध्ये घेतलेल्या लॅपटॉपवर मार्चअखेर 20 टक्केच.

कामासाठी बँक खातं वेगळं ठेवा. कायद्याची तशी सक्ती नाही, पण घरचा किराणा आणि ग्राहकाची जमा एकाच खात्यात असली की प्रत्येक हप्त्याच्या आधी दोन संध्याकाळी नुसत्या नोंदी वेगळ्या करण्यात जातात.

नव्या करप्रणालीत 80सीसारख्या वजावटी मिळत नाहीत हे खरं, पण त्यावरून ‘खर्चही मिळत नाही’ असं समजू नका. व्यवसायाचा खर्च ही वजावट नव्हे, तो उत्पन्न काढण्याचाच भाग आहे. इंटरनेट, सॉफ्टवेअरचं भाडं, कामासाठीचा प्रवास हे सगळं दोन्ही प्रणालींत वजा होतं. जुनी प्रणाली हवी असेल तर विवरणपत्राच्या मुदतीआधी फॉर्म 10-आयईए भरावा लागतो. व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्याला नोकरदारासारखं दरवर्षी इकडून तिकडे करता येत नाही. नव्या प्रणालीतून बाहेर पडल्यावर परत येण्याची संधी एकदाच मिळते.

15 जून: पहिला अंदाज

टीडीएस वजा करून वर्षाचा कर 10,000 रुपये किंवा त्याहून जास्त निघणार असेल तर आगाऊ कर लागू होतो. नव्या प्रणालीत 2025-26 साठी 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. तुमचं निव्वळ उत्पन्न नक्की त्याच्या आत राहणार असेल तर हप्ते नाहीत. अशांनीही विवरणपत्र मात्र भरायचंच, कापलेला टीडीएस त्याशिवाय परत मिळत नाही.

आता उदाहरण. एक जण जाहिरातींचा मजकूर लिहितो. देशातल्या एका एजन्सीकडून महिन्याला 50,000, म्हणजे वर्षाला 6 लाख. त्यावर 10 टक्के टीडीएस, वर्षाला 60,000. परदेशातल्या ग्राहकांकडून वर्षाला साधारण 13 लाख, त्यावर टीडीएस नाही. एकूण जमा 19 लाख, खर्च 3 लाख, निव्वळ उत्पन्न 16 लाख.

कराची आकडेमोड सोपी आहे. पहिले 4 लाख करमुक्त. 4 ते 8 लाखांवर 5 टक्के, म्हणजे 20,000. 8 ते 12 लाखांवर 10 टक्के, 40,000. 12 ते 16 लाखांवर 15 टक्के, 60,000. बेरीज 1,20,000. त्यावर 4 टक्के उपकर 4,800. एकूण 1,24,800. यातून टीडीएसचे 60,000 वजा केले की स्वतः भरायचे उरतात 64,800.

हे 64,800 चार तारखांत असे विभागले जातात. टक्केवारी त्या तारखेपर्यंत एकूण किती भरलेलं असावं याची आहे, प्रत्येक हप्त्याची नव्हे.

| तारीख | तोपर्यंत एकूण | रक्कम | या वेळी भरायचे |
|---|---|---|---|
| 15 जून | 15 टक्के | 9,720 | 9,720 |
| 15 सप्टेंबर | 45 टक्के | 29,160 | 19,440 |
| 15 डिसेंबर | 75 टक्के | 48,600 | 19,440 |
| 15 मार्च | 100 टक्के | 64,800 | 16,200 |

टीडीएस वजा करताना एक अट आहे. खरोखर कापला गेलेला किंवा कापला जाणार आहे तोच धरायचा. ग्राहकाने कापायला हवा होता पण न कापता पूर्ण पैसे दिले, तर ‘त्याने कापायचा होता’ असं म्हणून ती रक्कम आगाऊ करातून वजा करता येत नाही.

भरायचं कसं, आणि वर्ष कुठलं निवडायचं

`incometax.gov.in` वर लॉगिन न करताही `e-Pay Tax` मधून पैसे भरता येतात. पॅन आणि मोबाइल क्रमांक द्यायचा, ओटीपी टाकायचा, `Income Tax` निवडायचं, मग वर्ष, मग `Advance Tax (100)`. नेट बँकिंगने किंवा यूपीआयने पैसे गेले की चलनाची पावती लगेच उतरवून घ्या. तिच्यावरचा बीएसआर कोड, चलन क्रमांक आणि तारीख विवरणपत्रात लागतात. पावतीची फाइल तक्त्याच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि नावात तारीख घाला.

वर्ष निवडताना घाई करू नका, सगळ्यात जास्त चुका इथे होतात. जुन्या कायद्यात कमाईचं वर्ष आणि आकारणीचं वर्ष वेगळं होतं. 2025-26 च्या कमाईचं आकारणी वर्ष 2026-27. नव्या कायद्याने ही जोडी काढून टाकली आणि एकच ‘कर वर्ष’ ठेवलं; 1 एप्रिल 2026 पासूनच्या कमाईचं कर वर्षही 2026-27 च. आकडे तेच, वर्षं दोन वेगळी. जुलै 2026 मध्ये मागच्या वर्षाचा उरलेला कर भरणारा आकारणी वर्ष 2026-27 निवडेल, आणि जून 2026 मध्ये चालू वर्षाचा पहिला हप्ता भरणारा कर वर्ष 2026-27. पैसे भरण्याआधी पडद्यावर `Assessment Year` लिहिलंय की `Tax Year`, ते वाचा. चूक झाली आणि त्याच दिवशी लक्षात आली तर पोर्टलवरच चलन दुरुस्तीचा अर्ज करता येतो. त्याला मुदत असते, म्हणून तो लांबवू नका.

सप्टेंबर ते डिसेंबर: अंदाज बदलतो तेव्हा

15 सप्टेंबरला आपल्या लेखकाने तक्ता पाहिला. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, त्याने 19,440 भरले. ऑक्टोबरमध्ये परदेशातला एक नवा ग्राहक आला आणि वर्षाची जमा 2 लाखांनी वाढणार असं दिसू लागलं. खर्च तेवढाच. निव्वळ उत्पन्न आता 18 लाख.

वाढलेले 2 लाख 16 ते 20 लाखांच्या टप्प्यात येतात, तिथे दर 20 टक्के. म्हणजे 40,000 जास्त. कर 1,60,000, उपकर 6,400, एकूण 1,66,400. टीडीएस तेवढाच 60,000, कारण वाढ परदेशातून आली. स्वतः भरायचे 1,06,400.

आता डिसेंबरचा हप्ता जुन्या तक्त्यातला नाही. नव्या आकड्याच्या 75 टक्के म्हणजे 79,800. त्यातून आधी भरलेले 29,160 वजा केले की 50,640. मार्चमध्ये उरतात 26,600. प्रत्येक हप्त्याआधी तक्ता नव्याने मांडायचा तो यासाठीच. जूनमधला आकडा चारने भागून बाजूला ठेवणाऱ्याला डिसेंबरमध्ये आपण मागे पडलोय हे कळतच नाही.

जून आणि सप्टेंबरमध्ये कमी भरलं गेलं, त्याचं काय? कायदा मागे वळून अंतिम कराकडे पाहतो. 234सी कलमाखाली पहिल्या तीन हप्त्यांच्या तुटीवर महिना 1 टक्का दराने तीन महिन्यांचं व्याज लागतं, मार्चच्या तुटीवर एका महिन्याचं. थोडी सूटही आहे: जूनपर्यंत निदान 12 टक्के आणि सप्टेंबरपर्यंत निदान 36 टक्के भरलेले असतील तर त्या हप्त्यावर व्याज नाही.

आपल्या लेखकाचं पाहू. जूनमध्ये 1,06,400 च्या 15 टक्के म्हणजे 15,960 हवे होते, भरले 9,720. 12 टक्के म्हणजे 12,768, तेवढेही नाहीत. तूट 6,240, व्याजासाठी शंभराच्या खालची रक्कम सोडतात, म्हणून 6,200 वर 3 टक्के, 186 रुपये. सप्टेंबरमध्ये हवे होते 47,880, भरलेले 29,160. तूट 18,720, त्यातले 18,700 वर 3 टक्के, 561 रुपये. दोन्ही मिळून 747.

ही रक्कम घाबरण्याइतकी नाही. आता त्याच माणसाने एकही हप्ता न भरता सगळे पैसे जुलैत भरले असते तर काय झालं असतं? चारही तारखांच्या तुटीवर 234सीचं व्याज 5,369 रुपये. शिवाय वर्षअखेर आगाऊ कर 90 टक्क्यांच्या खाली राहिल्यामुळे 234बी लागतं: 1 एप्रिलपासून भरेपर्यंत दरमहा 1 टक्का. एप्रिल ते जुलै चार महिने, 4,256 रुपये. एकूण 9,625. अंदाज चुकल्याची किंमत 747, हप्ते न भरल्याची 9,625. आकडा नक्की नाही म्हणून जूनचा हप्ता टाळू नका. तेव्हा हातात असलेल्या माहितीवर हिशेब करून भरा.

नवख्यांसाठी कायद्यात आणखी एक तरतूद आहे आणि ती फार कमी जणांना माहीत असते. व्यवसायाचं किंवा पेशाचं उत्पन्न आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल, तर त्या उत्पन्नाचा अंदाज न आल्यामुळे पडलेल्या तुटीवर 234सीचं व्याज लागत नाही. अट अशी की ते लक्षात आल्यावर उरलेल्या हप्त्यांत, आणि हप्ता उरला नसेल तर 31 मार्चपर्यंत, तो कर भरून टाकायचा. ऑगस्टमध्ये नोकरी सोडून काम सुरू करणाऱ्याला जूनचा हप्ता चुकल्याची काळजी करायचं कारण नाही. सप्टेंबरपासून भरायला लागावं. ही सवलत पहिल्या वर्षापुरतीच.

वीस लाखांची रेघ

आपल्या लेखकाची जमा 19 लाखांवरून 21 लाखांवर गेली, तेव्हा आयकराबाहेरची एक गोष्ट घडली. सेवा देणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते, काही राज्यांत ही मर्यादा 10 लाख आहे. परदेशी ग्राहकांची जमाही या बेरजेत धरली जाते. ‘निर्यातीवर जीएसटी शून्य आहे, मग ती मोजायची कशाला?’ ही समजूत चुकीची आहे. रेघ ओलांडल्यापासून 30 दिवसांत अर्ज करायचा.

नोंदणीनंतर जीएसटीचं वेगळं कॅलेंडर सुरू होतं आणि त्याला स्वतंत्र लेख लागेल. इथे दोनच गोष्टी. परदेशी ग्राहकाला कर न लावता बिल द्यायचं असेल तर एलयूटी नावाचं हमीपत्र जीएसटी पोर्टलवर दरवर्षी नव्याने भरावं लागतं, ते एप्रिल उजाडण्याआधी करा. आणि तक्त्यात जीएसटीसाठी वेगळा रकाना घाला. ती रक्कम तुमचं उत्पन्न नाही, आणि बिलात ती वेगळी दाखवली असेल तर त्यावर टीडीएसही कापला जात नाही.

मार्च: दोन तारखा

15 मार्च ही शेवटच्या हप्त्याची तारीख. 44एडीएवाल्यांची तर एकमेव. या वेळेपर्यंत साडेअकरा महिन्यांचे आकडे हातात असतात, अंदाज उरतो तो पंधरवड्याचा. तरीही एखादं बिल अचानक मंजूर झालं तर 31 मार्चपर्यंत भरलेली रक्कम आगाऊ करच मानली जाते. तिच्यावर मार्चच्या हप्त्याचं एका महिन्याचं व्याज लागेल, पण 234बीपासून सुटका होते. 31 मार्चची रात्र मात्र टाळा. बँकेचं पान अडकलं आणि पैसे 1 एप्रिलला गेले, तर तो आगाऊ कर राहत नाही.

एप्रिल ते जून: घाई करू नका

वर्ष संपताच विवरणपत्र भरून मोकळं व्हावंसं वाटतं. थांबा. जानेवारी ते मार्चमध्ये कापलेल्या टीडीएसचा तपशील द्यायला ग्राहकाला 31 मेपर्यंत मुदत असते. त्यानंतर तो 26एएसमध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या पत्रकात, आणि वार्षिक माहितीपत्रात, म्हणजे एआयएसमध्ये दिसतो. ग्राहकाकडून मिळणारं टीडीएसचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 16एही त्यानंतरच, साधारण जूनच्या मध्यापर्यंत मिळतं. मे संपण्याआधी भरलेल्या विवरणपत्रात शेवटच्या तिमाहीचा टीडीएस राहून जाण्याचा धोका असतो.

जूनमध्ये तक्ता एका बाजूला आणि 26एएस दुसऱ्या बाजूला उघडा आणि ग्राहकवार जुळवा. तीन प्रकारचे फरक सापडतात. ग्राहकाने कापला पण तुमच्या नावावर दिसत नाही: त्याने तो जमा केला नसेल किंवा पॅन चुकीचा टाकला असेल. त्याच्या हिशेबनीसाला बिल क्रमांक आणि तारखेसह लेखी कळवा. तुमच्या तक्त्यात नसलेली रक्कम तिकडे दिसते: एखादं बिल नोंदवायचं राहिलं असेल. तिसरा फरक मार्चच्या बिलाचा, आणि तो जरा नीट समजून घेण्यासारखा आहे.

लेखकाने एजन्सीला 31 मार्चच्या तारखेचं 50,000 चं बिल दिलं. एजन्सीने ते मार्चच्याच खात्यात घेतलं आणि 5,000 टीडीएस मार्चचा म्हणून भरला, कारण टीडीएस खात्यात जमा करताना किंवा पैसे देताना, यांपैकी जे आधी होईल तेव्हा कापतात. प्रत्यक्ष 45,000 आले 20 एप्रिलला. आता हे उत्पन्न कोणत्या वर्षाचं? तुम्ही हिशेब बिलाच्या तारखेने ठेवत असाल तर 50,000 आणि 5,000 दोन्ही जुन्या वर्षात. पैसे हाती आल्यावर उत्पन्न धरत असाल तर 50,000 नव्या वर्षात, आणि मग 5,000 चा दावाही नव्या वर्षातच. त्यासाठी विवरणपत्राच्या टीडीएसच्या तक्त्यात ‘पुढे नेलेला’ टीडीएस दाखवायची सोय आहे. उत्पन्न पुढच्या वर्षी आणि टीडीएस मात्र या वर्षी, असं केलं तर विभागाकडून विचारणा येते. दोन्ही पद्धती मान्य आहेत. एक निवडा आणि दरवर्षी तीच ठेवा.

जुलै: विवरणपत्र

वह्या ठेवून उत्पन्न दाखवणाऱ्याचं विवरणपत्र आयटीआर-3, 44एडीएवाल्याचं साधारणपणे आयटीआर-4. लेखापरीक्षण लागू नसलेल्यांसाठी 31 जुलै ही वर्षानुवर्षांची तारीख. ती अनेकदा पुढे जाते: 2025 मध्ये ती आधी 15 आणि मग 16 सप्टेंबरपर्यंत वाढली, आणि 2026 च्या अर्थसंकल्पात लेखापरीक्षण नसलेल्या व्यावसायिकांसाठी 31 ऑगस्टचा प्रस्ताव मांडला गेला. त्या वर्षीची तारीख पोर्टलवर पाहा, पण स्वतःच्या कॅलेंडरवर 31 जुलैच लिहा. विवरणपत्राची तारीख वाढली म्हणून 234बीचं व्याज थांबत नाही. बाकी कर असेल तर ते दर महिन्याला चढत राहतं.

आपल्या लेखकाचा मुद्दल कर पूर्ण भरलेला आहे. विवरणपत्र भरताना पोर्टल 747 रुपयांचं व्याज स्वतःच दाखवतं. ते `Self-Assessment Tax (300)` या प्रकारात भरायचं, चलनाचा तपशील विवरणपत्रात टाकायचा आणि मगच ते दाखल करायचं. मुदत चुकली तर 5,000 रुपये विलंब शुल्क, एकूण उत्पन्न 5 लाखांच्या आत असेल तर 1,000. शिवाय व्यवसायातला तोटा पुढच्या वर्षी ओढता येत नाही. पहिल्या वर्षी उपकरणं घेऊन तोट्यात राहिलेल्यांना हे जास्त महागात पडतं.

दाखल केल्यापासून 30 दिवसांत ई-पडताळणी करा. आधारच्या ओटीपीने ती त्याच बैठकीत होते. ती राहिली तर भरलेलं विवरणपत्र ग्राह्यच धरलं जात नाही, आणि ‘मी तर वेळेत भरलं होतं’ म्हणणाऱ्याच्या हाती दंडाची सूचना पडते.

नोंदी किती वर्षं ठेवायच्या

वह्या आणि त्यांना आधार देणारी कागदपत्रं संबंधित आकारणी वर्ष संपल्यापासून सहा वर्षं ठेवायची. 2025-26 च्या कमाईचं आकारणी वर्ष 31 मार्च 2027 ला संपतं, म्हणजे ती फाइल 31 मार्च 2033 पर्यंत. फोल्डरमध्ये हे असावं: तक्ता, दिलेली सगळी बिलं, खर्चाच्या पावत्या, बँकेची स्टेटमेंट्स, परदेशी जमेची बँकेची पत्रं, चारही चलनं, फॉर्म 16ए, त्या दिवशी उतरवलेलं 26एएस आणि एआयएस, विवरणपत्र आणि त्याची पोच.

खर्चाच्या थर्मल कागदावरच्या पावत्या वर्षभरात कोऱ्या होतात. त्यांचा फोटो मिळाल्या दिवशीच काढा आणि फाइलच्या नावात तारीख, रक्कम आणि कशासाठी ते लिहा. चौकशी तीन-चार वर्षांनीही येऊ शकते, आणि तेव्हा 2,340 रुपयांची एखादी खरेदी घरासाठी होती की कामासाठी हे फक्त त्या नावावरूनच सांगता येतं. बँकेची स्टेटमेंट्सही दर वर्षी उतरवून ठेवा. खातं बंद केलं की नेट बँकिंगमधून ती काढता येत नाहीत आणि शाखेत अर्ज करून मागवावी लागतात.